‘चाऱ्यातून मिथेन २० टक्के कमी’: हे २० टक्के नेमके कशाचे?

केतकी_रामबाग · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मराठी निबंधस्पर्धेसाठी विषय घेतलाय: गुरांमधून निघणारा मिथेन आणि चाऱ्यात बदल करून तो कमी करण्याचे उपाय. वाचायला लागले आणि पहिल्याच दिवशी अडकले. एके ठिकाणी लिहिलंय संतुलित आहाराने मिथेन १४ टक्के कमी होतो, दुसरीकडे २०, एका पावडरीने ३०, समुद्री शेवाळाने तर ८० टक्क्यांपर्यंत. निबंधात कोणता आकडा घ्यायचा? आणि हे टक्के एका दिवसाचे, एका जनावराचे की आणखी कशाचे, तेच कुठे धड लिहिलेलं नाही. इथे डेअरीशी संबंध असलेले लोक आहेत, म्हणून विचारते. शब्दमर्यादा १२०० आहे, त्यामुळे सगळं जग कवेत घ्यायचं नाहीये. इंदूरच्या आसपासचं एखादं उदाहरण मिळालं तर फारच छान.

सुलभाताई · सोमवार, रात्री ९:४०

अगं, आपल्या इंदुरातच एवढं मोठं उदाहरण असताना बाहेर कशाला शोधतेस? देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट. २०२२ मध्ये उद्घाटन झालं, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता आहे, आणि त्यातून निघालेल्या मिथेनवर सिटी बसेस चालतात. माझ्या माहेरी देवासला गोबरगॅस होता, सगळ्या घराचा चहा त्यावर व्हायचा. प्रत्येक गोठ्यावर असा गॅस बसवला की मिथेनचा प्रश्नच मिटला. निबंधात हेच लिही, परीक्षकांनाही आवडेल.

निवृत्त_पशुवैद्य · सोमवार, रात्री १०:२५

सुलभाताई, प्लांट उत्तमच आहे, पण केतकी विचारतेय तो मिथेन तिथे पोचतच नाही. तो म्हशीच्या तोंडातून निघून जातो. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तयार झालेला गॅस ढेकरेवाटे आणि श्वासावाटे बाहेर पडतो. मागच्या बाजूने जाणारा वाटा अगदी किरकोळ असतो, त्यामुळे त्या विषयावरचे विनोदही केतकीने निबंधात टाळावेत.

शेणाचा मिथेन हे वेगळं प्रकरण आहे, आणि आपल्याकडे ते तुलनेने लहान आहे. शेण पाण्यात, हवेशिवाय सडलं तरच त्यातून मिथेन भरपूर निघतो. युरोप-अमेरिकेत मोठ्या गोठ्यांचं शेण पातळ करून तलावासारख्या खड्ड्यांत साठवतात, तिथे तो मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे शेणाचे कंडे थापून उन्हात वाळवतात किंवा उकिरड्यावर ढीग घालतात. त्यात हवा खेळते, शेण वाळतं आणि मिथेन थोडाच बनतो. गोबरगॅसमध्ये तर आपण मुद्दाम मिथेन बनवतो आणि जाळतो. टाकी गळकी असेल किंवा गॅस वापरलाच गेला नाही, तर उलट भर पडते.

म्हणून केतकी, निबंधाची पहिली ओळ आखून घे: तुझा विषय ढेकर आहे, शेण नाही.

गीर_प्रेमी · सोमवार, रात्री ११:०३

मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. देशी गाय मिथेन कमी सोडते, संकरित आणि विदेशी जनावर जास्त. हे शास्त्रीय सत्य आहे. संकरीकरणाच्या नादाला लागलो म्हणून हा प्रश्न उभा राहिला. परत देशी गायीकडे वळा, ना पावडर लागेल ना शेवाळ.

मालवी_माणूस · मंगळवार, सकाळी ७:५०

भिया, माझा तर या सगळ्या विषयालाच आक्षेप आहे. गाय गवत खाते, गवताने कार्बन हवेतूनच घेतलेला असतो, तोच परत हवेत जातो. जमिनीखालून कोळसा आणि तेल उपसून जाळणाऱ्यांनी आमच्या म्हशीच्या ढेकरा मोजाव्यात, हा कुठला न्याय? २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन ३० टक्के कमी करण्याचा करार झाला, त्यावर भारताने सही केली नाही. बरोबरच केलं. दोन म्हशींवर ज्याचं घर चालतं त्याला तुम्ही काय सांगणार?

सांवेर_रोड · मंगळवार, सकाळी ८:३५

मी सांवेर रोडला राहतो, घरी म्हशी आहेत, दूध सोसायटीत घालतो. पर्यावरणातलं मला काही कळत नाही, पण चाऱ्याचं विचारता म्हणून सांगतो. आमच्याकडे बारा महिने गव्हाचा भुसा. सोयाबीन निघालं की त्याचा भुसा त्यात मिसळतो. हिवाळ्यात बरसीम, बाकी वेळ मिळेल तेव्हा हिरवा मका. वरून कपास्याची खली आणि चुरी.

एक म्हैस सांगतो, वजन पाचशे किलोच्या आसपास. तिला आधी रोज ८ किलो भुसा, १० किलो हिरवा मका आणि अडीच किलो खुराक होता. दूध ६ लिटर. मग एक मुलगा येऊन कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून, छातीला टेप लावून, टॅबमध्ये काहीतरी भरून आहार सांगून गेला. भुसा ६ किलो केला, मका-बरसीम मिळून २० किलो, खुराक ३ किलो आणि रोज मूठभर खनिज मिश्रण. दूध ७ लिटरवर गेलं. त्याच मुलाने ‘तुमच्या म्हशीचा मिथेन कमी झाला’ असं पण सांगितलं होतं. आम्ही हसलो. तो कसा मोजला त्याने? नळी तर लावली नव्हती!

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. शेजाऱ्याने दूध वाढावं म्हणून मक्याचा दलिया भरपूर वाढवला. दूध अर्धा लिटर वाढलं, पण फॅट ७ वरून साडेपाचवर आलं आणि सोसायटीतले पैसे कमी झाले. हे कशाने?

निवृत्त_पशुवैद्य · मंगळवार, दुपारी १:१५

सांवेरवाल्यांनी एका पोस्टमध्ये केतकीचा अर्धा निबंध लिहून दिला आहे. एकेक घेतो.

त्या मुलाने मिथेन मोजला नव्हता, हिशेबाने काढला होता. खरं मोजायचं तर जनावराला बंद कक्षात ठेवून आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा तपासावी लागते. किंवा कोठीपोटात एका खुणेच्या वायूची बारीक कुपी सोडून गळ्यातल्या डब्यात श्वासाचे नमुने जमा करावे लागतात. हे संशोधन संस्थेतच होतं. गोठ्यावर मात्र एक सोपा हिशेब चालतो, आणि तो तुम्हालाही करता येईल.

आधी चाऱ्यातलं पाणी वजा करा. भुशात आणि खुराकात साधारण ९० टक्के कोरडं वजन असतं, हिरव्या मक्यात २०च्या आसपास, बरसीममध्ये त्याहून कमी. म्हणजे तुमच्या म्हशीच्या पोटात आधी रोज साडेअकरा किलो कोरडा चारा जात होता. एक किलो कोरड्या चाऱ्यात अंदाजे १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा धरतात, म्हणून एकूण झाली २१२. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पद्धतीत गायी-म्हशींसाठी या ऊर्जेतला ६.५ टक्के भाग मिथेन होऊन उडून जातो असं धरतात. ते झाले १३.८ मेगाज्यूल. एक किलो मिथेनमध्ये ५५.६५ मेगाज्यूल असतात. भागाकार केला की दिवसाला साधारण २४८ ग्रॅम मिथेन येतो. सहा लिटरवर वाटला तर लिटरमागे ४१ ग्रॅम.

नव्या आहारात कोरडा चारा ११.६ किलो होतो, म्हणजे जवळपास तेवढाच. आता नीट बघ केतकी. समजा मिथेनचा वाटा ६.५ टक्केच राहिला. मग दिवसाचा मिथेन होतो २५० ग्रॅम. म्हणजे कमी झालाच नाही, दोन ग्रॅम वाढला! पण दूध ७ लिटर झालंय, त्यामुळे लिटरमागे ३६ ग्रॅमच येतो. ही १४ टक्के घट.

आता समजा, भुसा कमी होऊन पचायला सोपा चारा आला म्हणून तो वाटा ६.५ वरून ६ वर उतरला. मग दिवसाचा मिथेन २३१ ग्रॅम आणि लिटरमागे ३३. एकाच म्हशीवर दिवसाची घट ७ टक्के आणि लिटरची घट २० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त भाजक वेगळा आहे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, म्हणजे एनडीडीबीने, संतुलित आहाराच्या कार्यक्रमात दहा-पंधरा टक्क्यांची जी घट सांगितली, ती लिटरमागची आहे. पावडरींचे आकडे बहुतेक वेळा दिवसाचे किंवा किलो चाऱ्यामागचे असतात. तू वाचलेले सगळे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत ते याचमुळे.

दलियाचं उत्तर संध्याकाळी लिहितो, जेवण थंड होतंय.

केतकी_रामबाग · मंगळवार, दुपारी ३:३०

डॉक्टरकाका, हे फारच उपयोगी आहे. पण ६.५ चा ६ झाला की नाही हे कसं कळणार? आणि तो का उतरेल?

निवृत्त_पशुवैद्य · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

गोठ्यावर कळत नाही, म्हणूनच मी ‘समजा’ म्हणालो. का उतरेल ते मात्र सांगता येतं, आणि त्यातच दलियाचंही उत्तर आहे.

म्हैस भुसा स्वतः पचवत नाही, कोठीपोटातले सूक्ष्मजीव तो फोडतात. तंतुमय चारा फुटताना त्यातून मुख्यतः ॲसिटेट बनतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. तो हायड्रोजन साचला तर पुढचं पचन अडतं. तिथे राहणारे दुसरे जीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि ढेकरेतून बाहेर घालवतात. म्हणजे मिथेन ही कोठीपोटाची नालीच समजा, ती एकदम बुजवून चालत नाही. मका, दलिया यांसारखं पिठूळ धान्य फुटताना मात्र प्रोपिओनेट जास्त बनतं, आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. मिथेनला कच्चा माल कमी पडतो. धान्य वाढवलं की मिथेनचा वाटा उतरतो तो असा.

आता दुधातलं फॅट बरंचसं बनतं त्याच ॲसिटेटपासून. शेजाऱ्याने दलिया वाढवला आणि त्यापुढे भुसा कमी खाल्ला गेला, तेव्हा ॲसिटेट घटलं आणि फॅट पडलं. त्याच्या म्हशीचा मिथेन बहुधा खरंच कमी झाला असेल! पण फायदा झाला का? फॅटचा हिशेब धरून दूध एका मापात आणायची एक जुनी रीत आहे: दुधाच्या किलोंना ०.४ ने गुणायचं, फॅटच्या किलोंना १५ ने, आणि बेरीज करायची. ४ टक्के फॅटच्या दुधात ते किती भरतं ते कळतं. ७ फॅटचं ६ किलो दूध त्या मापात ८.७ किलो होतं. साडेपाच फॅटचं साडेसहा किलो दूध होतं सुमारे ८ किलो. कॅन जड झाला, पण माल घटला. सोसायटीने पैसे कमी दिले ते बरोबरच दिले.

दलिया आणखी वाढवला तर कोठीपोट आंबट होतं, म्हैस रवंथ कमी करते, शेण पातळ आणि फेसाळ होतं, पुढे खुरांचं दुखणं येतं. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण शेण दिसतं. मूठभर शेण बारीक चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. लांब काड्या उरल्या तर तंतू नीट पचत नाहीत. मक्याचे अख्खे दाणे किंवा मोठे तुकडे उरले तर पैसे शेणात चालले आहेत. आणि म्हशी निवांत बसल्या असताना एकदा नजर टाका, निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात.

सांवेर_रोड · मंगळवार, रात्री ८:२०

म्हणजे शेजाऱ्याला सांगू की दलिया कमी कर आणि भुसा वाढव? मग आम्ही परत होतो तिथेच.

निवृत्त_पशुवैद्य · मंगळवार, रात्री ८:५५

नाही. नुसत्या गव्हाच्या भुशात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास असतात. कोठीपोटातल्या जीवांना काम करायला एकूण आहारात किमान ७ टक्के तरी लागतात. नसतील तर भुसा पोटात पडून राहतो, हळूहळू फुटतो, मिथेन होत राहतो आणि दूध काही मिळत नाही. धान्य वाढवण्याआधी ही प्रथिनांची कमतरता भरायची, म्हणजे तोच भुसा जास्त चांगला पचतो. तुमच्या बरसीमने आणि खलीने तेच केलं. उन्हाळ्यात बरसीम नसतं, तेव्हा खली थोडी वाढवा किंवा युरियाने भुसा मुरवून वापरा: १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत शिंपायचं, दाबून प्लॅस्टिकने झाकायचं आणि तीन आठवडे उघडायचं नाही. युरिया मोजूनच घ्यायचा. नीट न विरघळलेल्या युरियाचे खडे किंवा ते पाणी जनावराच्या पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. लहान वासरा-पारड्यांना हा भुसा अजिबात नाही. आणि कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा.

खलीचाही अतिरेक नको. जास्तीची प्रथिनं मुतातून युरियाच्या रूपात जातात, आणि त्यातून उकिरड्यावर अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड निघतो. हा दुसरा वायू वजनाला वजन धरलं तर मिथेनहूनही कितीतरी तापदायक आहे.

गीर_प्रेमी · मंगळवार, रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब माझ्या मुद्द्याला सोयीस्कर बगल देतायत. देशी गाय मिथेन कमी सोडते की नाही, हो किंवा नाही सांगा.

निवृत्त_पशुवैद्य · मंगळवार, रात्री १०:१०

दिवसाला? हो, कारण ती लहान असते आणि कमी खाते. आपली मालवी गाय रोज ६ किलो कोरडा चारा खात असेल, तर त्याच हिशेबाने तिचा मिथेन १२९ ग्रॅम होतो, म्हशीच्या निम्मा. पण ती २ लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ६५ ग्रॅम झाले. चांगली गीर १० लिटर देत असेल, तर तिचा हिशेब पुन्हा वेगळा. जात देशी की संकरित यापेक्षा किती खाल्लं आणि त्यातून काय मिळालं, हे बघा.

गीर_प्रेमी · मंगळवार, रात्री १०:२४

मालवी गाय दुधासाठी पाळतच नाहीत मुळी. मालवी बैल औताला आणि गाडीला चालतो. ते काम, शेणखत, हे तुमच्या ‘लिटर’मध्ये कुठे आलं? शिवाय ती बांधावरचं आणि कापणीनंतर शेतात उरलेलं खाते, तिच्यासाठी कोणी मका पेरत नाही.

निवृत्त_पशुवैद्य · मंगळवार, रात्री १०:४०

हा आक्षेप मला मान्य आहे. लिटर हे माप दुधाळ जनावरासाठीच. बैलजोडीने वाचवलेलं डिझेल त्यात धरायचं की नाही, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. आता गावागावांत बैल कमी होऊन ट्रॅक्टर आलेत, त्यामुळे हा हिशेब पूर्वी जसा लागायचा तसा आज लागत नाही, एवढं मात्र म्हणेन.

मालवी_माणूस · बुधवार, सकाळी ७:३५

आणि माझं? कार्बन परत हवेत जातो त्याचं काय? सगळे चाळण्या धुवायला निघाले!

केतकी_रामबाग · बुधवार, सकाळी ११:००

काका, यावर मी वाचलंय थोडं, प्रयत्न करते. कार्बन हवेतूनच आलेला असतो हे खरं आहे, पण जाताना तो कार्बन डायऑक्साइड म्हणून गेला आणि परत आला मिथेन म्हणून. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात अशा मिथेनचा १०० वर्षांतला परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट धरलाय. साधारण १२ वर्षांनी मिथेन तुटतो, पण तेवढा काळ तो बराच तापवतो. म्हणून ‘तोच कार्बन परत’ एवढ्यावर सुटका होत नाही, असं मला वाटतं. डॉक्टरकाका, बरोबर आहे का?

निवृत्त_पशुवैद्य · बुधवार, दुपारी १२:४५

बरोबर. पण मालवी माणसाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मिथेन टिकतो थोडीच वर्षं, त्यामुळे गुरांची संख्या स्थिर असेल तर हवेतला त्यांचा मिथेनही एका पातळीवर थांबतो, दरवर्षी वाढत जात नाही. कोळशाच्या धुराचं तसं नाही, तो साचतच जातो. २०१२ च्या पशुगणनेत गायीबैल १९.०९ कोटी आणि म्हशी १०.८७ कोटी होत्या, २०१९ मध्ये १९.२५ आणि १०.९८ कोटी. म्हणजे संख्या जवळपास स्थिरच. मात्र त्यांत देशी गुरं घटली, संकरित वाढली, आणि संकरित जनावर जास्त खातं. शिवाय थांबलेली पातळीसुद्धा पृथ्वीला आधीपासून तापवतेच आहे, आणि ती खाली आणली तर त्याचा परिणाम काही वर्षांतच दिसतो. जबाबदारी कोणाची, हा राजकारणाचा प्रश्न, तो मी तुमच्यावरच सोडतो.

मालवी_माणूस · बुधवार, दुपारी १:१०

निदान एवढं तरी मान्य केलंत. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे.

केतकी_रामबाग · बुधवार, दुपारी ४:२०

आणि त्या पावडरी आणि शेवाळ? ३० आणि ८० टक्के हे खरे आकडे आहेत का?

निवृत्त_पशुवैद्य · बुधवार, रात्री ८:००

प्रयोगांत मिळालेले आहेत, खोटे नाहीत. ३० टक्क्यांवाली पावडर म्हणजे ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल. मिथेन बनवण्याचं शेवटचं विकर ती अडवते. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये दुधाळ गायींसाठी तिला परवानगी दिली. पण तिचा अंमल काही तासांचाच. तिकडे सगळा चारा यंत्रात एकत्र कालवून दिवसभर गव्हाणीत असतो, त्यामुळे प्रत्येक घासात पावडर जाते. सांवेर रोडला खुराक दोन वेळा धारेच्या वेळी टोपल्यात जातो आणि मधले तास म्हैस नुसता भुसा खाते. त्या तासांत मिथेन चालूच राहणार. तिकडचा ३० चा आकडा इथे तसाच लावता येत नाही.

८० टक्क्यांवालं लाल शेवाळ ॲस्पॅरागॉप्सिस. त्यातलं ब्रोमोफॉर्म काम करतं, आणि तेच काळजीचंही कारण आहे. प्रयोगांत काही जनावरांनी चाराच कमी खाल्ला. चारा कमी खाल्ला की मिथेन आपोआप कमी दिसतो, हे लक्षात ठेव. असा आकडा वाचलास की जनावराने किती खाल्लं ते आधी शोध.

आपल्याकडचा पर्याय म्हणजे बेंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने काढलेलं ‘हरित धारा’. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ते बनवतात, आणि दावा १७ ते २० टक्क्यांचा आहे. चिंचोक्याच्या टरफलांवरही त्याच संस्थेत काम झालंय. टॅनिन थोडं असेल तर मिथेन कमी होतो, जास्त झालं तर चारा कडवट लागतो आणि प्रथिनं पचत नाहीत. सरकीतलं तेलही मिथेन कमी करतं, पण एकूण आहारात चरबी ६-७ टक्क्यांच्या वर गेली की तंतूंचं पचन बिघडतं.

सांवेर_रोड · बुधवार, रात्री ८:४०

साहेब, पावडर घ्यायला पैसे कोण देणार? मिथेन कमी झाला म्हणून सोसायटी लिटरला एक पैसा जास्त देत नाही. मला सांगा, फुकटात काय होईल?

निवृत्त_पशुवैद्य · बुधवार, रात्री ९:२५

भाकड काळ कमी करा. खनिज मिश्रण अगदी फुकट नाही, पण जवळपास तसंच.

तुमचीच म्हैस घेऊ, जुन्या आहारावरची. समजा ती १८ महिन्यांनी व्याते आणि त्यांतले ३०० दिवस दूध देते, सरासरी ६ लिटर. एकूण दूध १८०० लिटर. दुधाच्या दिवसांत मिथेन झाला ७४ किलो. पण उरलेले २४० दिवस भाकड असतानाही ती खाते. रोज ९ किलो कोरडा चारा धरला तर दिवसाला १९४ ग्रॅम, म्हणजे आणखी साडेशेहेचाळीस किलो. एकूण १२१ किलो मिथेन, म्हणजे लिटरमागे ६७ ग्रॅम. वर मी ४१ सांगितले होते ते फक्त दुधाच्या दिवसांचे.

आता तीच म्हैस १४ महिन्यांनी व्याली, तर भाकड दिवस १२० राहतात. एकूण मिथेन ९८ किलो, लिटरमागे ५४. दुधाच्या दिवसांतला एक घासही न बदलता १९ टक्के घट! आणि चार महिन्यांचा भाकड खुराक वाचला तो वेगळा. म्हशी उन्हाळ्यात मुका माज करतात, तो कळत नाही आणि महिने जातात. पहाटे आणि रात्री लक्ष ठेवा, खनिज मिश्रण भाकड काळातही बंद करू नका. बहुतेक लोक दूध बंद झालं की आधी तेच बंद करतात. व्यायल्यावर पहिले दोन-तीन महिने म्हैस बारीक होऊ देऊ नका, नाहीतर माजावर यायला उशीर होतो. पारडीचंही तेच: ती चार-पाच वर्षांची होईपर्यंत पहिल्यांदा व्यालीच नाही, तर तेवढी वर्षं नुसता मिथेन, दूध शून्य.

केतकी_रामबाग · बुधवार, रात्री १०:०५

मग निबंध याच म्हशीवर लिहिते: दिवस, लिटर, फॅट आणि वेत, असे चार भाजक. एक शंका उरते. लिटरमागे मिथेन कमी झाला, दूध वाढलं, म्हणून शेतकऱ्याने आणखी एक म्हैस घेतली तर? एकूण मिथेन वाढलाच की.

निवृत्त_पशुवैद्य · बुधवार, रात्री १०:३०

वाढेल. लिटरमागची घट आणि एकूण घट यांच्यामध्ये हाच खड्डा आहे. तेवढंच दूध कमी म्हशींतून निघालं तरच एकूण मिथेन कमी होतो. तसं आपोआप होईल असं मी म्हणणार नाही.

सांवेर_रोड · बुधवार, रात्री १०:४८

आमच्याकडे तर दूध वाढलं की दुसरी म्हैसच घेतात. मी पण घेणार होतो! असो. डॉक्टरसाहेब, खनिज मिश्रण रोज किती ग्रॅम? पिशवीवर ५० लिहिलंय आणि दुकानदार १०० म्हणतो.

निवृत्त_पशुवैद्य · बुधवार, रात्री १०:५५

भाकड असेल तर ५०, दुभतीला १००. पिशवीवर ‘फीड ग्रेड’ आणि घटकांची यादी छापलेली नसेल तर दुकानदाराला परत द्या.

सुलभाताई · गुरुवार, सकाळी ६:५०

केतकी, ते सगळं ठीक आहे गं, पण प्लांटबद्दल निदान एक परिच्छेद तरी घाल.